नोकरी नाकारण्याचे पत्र

शालेय मराठीच्या पत्रलेखनात नोकरीसाठी अर्ज कसा करावा, हे हमखास शिकविले जाते. रजेचा अर्ज, अभिनंदनाचे पत्र, तक्रारीचे पत्र हेही क्रमाने येतात. हाती आलेली नोकरी नाकारावी कशी, याचा मात्र कोठेच पाठ नाही. आमच्या पिढीला त्याची उणीव भासली नाही. एक नेमणूकपत्र घरी येणे हीच पेढे वाटण्याची गोष्ट होती. दोन पत्रे एका आठवड्यात यावीत आणि त्यांतले एक परत करावे लागावे, हा योग फारच थोड्यांच्या वाट्यास येई.

आता काळ पालटला आहे. आम्ही राहतो त्या दादरा-नगर हवेलीत सिल्वासाच्या भोवती मसाट, पिपरिया, खडोली येथे कारखाने उभे आहेत. पलीकडे वलसाड जिल्ह्यातील वापीची मोठी वसाहत, पश्चिमेस दमण. पदविका घेतलेला मुलगा एकाच पंधरवड्यात चार ठिकाणी मुलाखती देतो आणि कधी कधी दोन ठिकाणी निवडलाही जातो. मग एकास होकार जातो आणि दुसऱ्याकडे काहीच जात नाही. रुजू होण्याचा दिवस उजाडतो, कारखान्यातून दूरध्वनी येतो, आणि मुलगा तो घेत नाही. मुले उद्धट असतात म्हणून असे घडते, असे आम्हांस वाटत नाही. नकार लिहिण्याचा त्यांना संकोच वाटतो, आणि कसा लिहावा हे कोणी सांगितलेले नसते.

डोकमर्डीत राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी २०२४ च्या जून महिन्यात असाच पेचात सापडला होता. त्याचे उदाहरण तारखांसह सांगण्यासारखे आहे, कारण या पत्रात शब्दांइतकीच तारखांनाही किंमत असते. मुलगा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन बाहेर पडलेला. (हे कराड आमच्या हवेलीतले, सातारा जिल्ह्यातील वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) मसाटच्या बाजूस असलेल्या एका धाग्याच्या कारखान्याने त्याला सोमवारी, ३ जूनला नेमणुकीचे पत्र दिले. काम उत्पादन विभागात पाळी-पर्यवेक्षकाचे, पगार महिना १९,००० रुपये, उत्तर १२ जूनपर्यंत, रुजू होणे १ जुलैस. दोन दिवसांनी, ५ जूनला, वापीतील एका कारखान्यातून दूरध्वनी आला : तुमची निवड झाली, काम विद्युत देखभाल विभागात, पगार २०,५००, पत्र लवकरच पाठवितो.

मुलगा त्याच संध्याकाळी आमच्याकडे आला. मसाटचा नकार लिहूनच आणला होता. आम्ही म्हणालो, "अरे, वापीचे पत्र कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, त्यांनी फोनवर नक्की सांगितलं आहे." आम्ही त्याचा कागद घडी घालून त्याच्याच खिशात ठेवावयास लावला. दूरध्वनीवरचा माणूस खोटे बोलत असतो असे नव्हे. परंतु निवड करणारा एक, पगार मंजूर करणारा दुसरा आणि पत्रावर सही करणारा तिसरा असतो, आणि या तिघांच्या मध्ये गोष्ट अडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. जवळ असलेले नेमणूकपत्र सोडावयाचे ते दुसरे नेमणूकपत्र हाती घेऊनच.

वापीचे पत्र शनिवारी, ८ जूनला ईमेलने आले. ते आम्ही दोघांनी सावकाश वाचले. हुद्दा तोच आहे काय, पगाराचा आकडा सर्व भत्त्यांसह आहे की त्याशिवाय, रुजू होण्याची तारीख कोणती, परिवीक्षेचा काळ किती, आणि नेमणूक कोणत्या अटीवर अवलंबून आहे, एवढ्याच गोष्टी पाहावयाच्या होत्या. अट एक होती : वैद्यकीय तपासणी आणि मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी. म्हणजे थोडा धोका उरलाच होता. परंतु मुलगा निरोगी, प्रमाणपत्रे खरी. तेवढ्यासाठी मसाटला लटकत ठेवणे योग्य नव्हते. मन खरोखरच ठरले नसते, तर मसाटकडे तीन-चार दिवसांची मुदतवाढ उघडपणे मागता आली असती, आणि त्यात कमीपणाही नव्हता. येथे मन ठरलेले होते. सोमवारी, १० जूनला सकाळी वापीस सही केलेला होकार गेला, तासाभरात पोच आली, आणि त्यानंतर त्याच दिवशी मसाटचा नकार लिहावयास आम्ही बसलो.

पहिला मसुदा त्याने पुन्हा बाहेर काढला. त्यात आईच्या आजारपणाचे कारण होते. आई ठणठणीत होती. पगार अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा उल्लेख होता, क्षमेची याचना तीन वेळा होती, आणि शेवटी "सध्या तरी मला येणे शक्य दिसत नाही" असे वाक्य होते. वाचकांपैकी अनेकांनी अशी पत्रे लिहिली असतील किंवा आपल्या मुलांना सांगून लिहविली असतील, म्हणून यात काय बिघडते ते सांगतो.

आईच्या आजाराची थाप या परिसरात आठवडाभर टिकत नाही. मसाटचा कर्मचारी अधिकारी आणि वापीचा कर्मचारी अधिकारी पूर्वी एकाच कारखान्यात शेजारी बसलेले असू शकतात. वापीला जाणाऱ्या गाडीत मुलगा रोज दिसणारच. नकाराचा राग येत नाही, फसविल्याचा येतो. पगाराचा उल्लेख खरा होता, तरी तो वाचणाऱ्यास सौद्याचे आमंत्रण वाटतो : वाढवून द्या, म्हणजे येतो. आणि "सध्या तरी" हे दोन शब्द तर सर्वांत घातक. मराठीत नकार सौम्य करण्यासाठी आपण ते सहज वापरतो. पण कार्यालयात ते वाचणाऱ्यास उमेदवार आला की गेला, हेच कळत नाही. जागा भरावी की राखावी, या विचारात त्याचे चार दिवस जातात.

आणि त्या चार दिवसांवर एका तिसऱ्या माणसाचे पोट अवलंबून असते. निवडीच्या यादीत याच्या खालोखाल कोणी दुसरा असतो. त्याला बोलवावयाचे, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची; तो आधीच कोठे नोकरीत असेल, तर त्याला तेथे आगाऊ सूचना द्यावी लागणार, आणि ती बहुधा महिन्याची असते. नकार १० तारखेस स्पष्ट कळला, तर १ जुलैची जागा त्याला मिळण्याची शक्यता राहते. १ जुलैला नुसती गैरहजेरी लागली, तर तोवर तो दुसरीकडे गेलेला असतो किंवा निराश होऊन गावी परतलेला असतो.

हे आम्ही शाळेच्या बाजूनेही पाहिले आहे. एका शाळेत प्राथमिक वर्गांसाठी मराठीचा शिक्षक निवडला गेला. दरम्यान त्याने दुसरीकडे जागा धरली आणि इकडे कळविले नाही. मुदत संपण्याची वाट पाहण्यात, स्मरणपत्रे धाडण्यात आणि पुढील उमेदवारास विचारण्यात दिवाळीची सुटी आली. चौथीच्या मुलांनी पहिले सत्र दुसऱ्या वर्गाच्या मागच्या बाकांवर बसून काढले. परराज्यात मराठी शाळेला एक शिक्षक म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पाच ओळींचे पत्र जूनमध्ये आले असते, तर यादीतला दुसरा उमेदवार जुलैत वर्गात उभा राहिला असता.

आता मसाटला जे पत्र गेले, ते देतो. कार्यालयाची भाषा इंग्रजी असल्याने पाठविताना ते इंग्रजीत उतरविले. पण आधी मराठीत लिहून घेतले, कारण आपल्या भाषेत लिहिताना खोटे वाक्य लगेच कानाला खटकते.

"माननीय व्यवस्थापक, कर्मचारी विभाग, यांस सप्रेम नमस्कार. आपल्या दिनांक ३ जूनच्या पत्राने आपण मला उत्पादन विभागात पाळी-पर्यवेक्षक म्हणून नेमण्याची तयारी दर्शविलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. पूर्ण विचारान्ती ही नेमणूक मी स्वीकारू शकत नाही, हे कळविताना मला खेद होतो. माझी पदविका विद्युत शाखेची असून त्याच शाखेतील देखभालीचे काम मला दुसरीकडे मिळाले आहे व ते मी स्वीकारले आहे. मुलाखतीच्या दिवशी आपण मला यंत्रविभाग हिंडून दाखविलात आणि माझ्या प्रश्नांना सवडीने उत्तरे दिलीत, हे माझ्या लक्षात राहील. पुढे आपल्या विद्युत देखभाल विभागात अनुभवी माणसाची गरज पडल्यास माझ्या अर्जाचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. वैद्यकीय तपासणीसाठी आपण दिलेला कागद न वापरता परत करीत आहे. आपला नम्र."

पत्र एवढेच. आभार पहिल्या वाक्यात आहेत आणि नकार दुसऱ्यात. वाचणाऱ्याला तो शोधावा लागत नाही. "स्वीकारू शकत नाही" या शब्दांपुढे किंतु-परंतु नाही. कारण एकच आहे, ते खरे आहे, आणि त्यात कारखान्याला कोठे कमी लेखलेले नाही. धाग्याच्या उत्पादनात पाळी सांभाळणे हे काम हलके नव्हे. या मुलाच्या शिक्षणाशी ते जुळत नव्हते इतकेच. दुसऱ्या कारखान्याचे नाव पत्रात नाही. ते लपविण्यासारखे नसले, तरी सांगण्याचे बंधनही नाही, आणि नाव लिहिले की वाचणारा मनात तुलना करू लागतो.

दार उघडे ठेवण्याचे खरे काम करते ते विद्युत देखभाल विभागाचे वाक्य. "भविष्यात संधी मिळाल्यास आनंद होईल" असे नुसते लिहिले असते, तर ते शिष्टाचाराचे तोंडदेखले वाक्य ठरले असते. येथे कोणत्या विभागात आणि कोणत्या योग्यतेचा माणूस म्हणून आपण परत येऊ शकतो, हे ठरवून सांगितले आहे. अशा वाक्याचा अधिकाऱ्याला उपयोग होतो. चार वर्षांनी जागा निघाली, तर त्याला काय आठवावयाचे हे ठाऊक असते. मात्र असे वाक्य मनात असेल तरच लिहावे. ज्या ठिकाणी पुन्हा पाऊल ठेवावयाचे नाही, तेथे आभार मानून थांबणे अधिक प्रामाणिक.

मुलाखतीच्या दिवसाची आठवण हीही तशीच खरी हवी. मुलाला आम्ही विचारले होते, "तिथं तुला काय आवडलं?" तो म्हणाला, "साहेबांनी स्वतः फिरून मशिनं दाखवली." तेच लिहिले. ओळखी-पाळखीच्या मासल्यातून उचललेली स्तुती अधिकारी रोज वाचतो. स्वतःच केलेली गोष्ट परत ऐकली की तो थांबतो.

पत्र मूळ नेमणुकीच्या ईमेललाच उत्तर म्हणून पाठविले, त्यामुळे आधीचा सर्व पत्रव्यवहार त्याच्या खाली राहिला आणि कोणत्या जागेविषयी आहे, हे शोधावे लागले नाही. विषयाच्या ओळीत नाव, हुद्दा आणि नेमणूक स्वीकारता येत नसल्याचे स्पष्ट लिहिले. परंतु त्याआधी, सकाळी अकराच्या सुमारास, मुलाने अधिकाऱ्याला दूरध्वनी केला. ज्या माणसाने आपली बाजू वर मांडून निवड करविली, त्याला ही बातमी कागदावर प्रथम कळू नये, असे आमचे मत आहे. बोलणे हिंदीत झाले. अधिकारी थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, तिकडे कितीने जास्त देतात? मुलगा म्हणाला, साहेब, पगारापेक्षा काम माझ्या शिक्षणाला धरून आहे. तेव्हा अधिकाऱ्याने दोन हजार वाढवून देण्याची तयारी दाखविली.

येथे पुष्कळांचा पाय घसरतो. वापीचा फरक दीड हजाराचा होता, आणि तो जाण्यायेण्यातच बराचसा संपणार होता. डोकमर्डीहून मसाट जवळ. निव्वळ हिशेबाने मसाट आता वरचढ झाले होते. पण वापीस सही केलेला होकार गेला होता आणि त्याची पोचही आली होती. मुलाने आभार मानले आणि तिकडे शब्द दिला असल्याचे सांगितले. वाढीव पगाराचा विचार करावयाचा असता, तर तो होकारापूर्वी करावयाचा होता. शिवाय एकदा वापीस फिरविले असते, तर दोन्ही दारे बिघडली असती : वापीचे तर बंदच झाले असते, आणि मसाटच्या अधिकाऱ्यालाही कळले असते की हा मुलगा पुढच्या दोन हजारांसाठी आपल्यालाही फिरवील.

कोणती नोकरी अधिक चांगली, हे आकड्यावरून ठरत नाही, याचे एक उदाहरण आमच्याच मार्गावरचे आहे. मुंबईच्या डॉ. रखमाबाई लंडनहून वैद्यकीचे शिक्षण घेऊन आल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. १९१८ मध्ये त्यांना स्त्री-वैद्यकीय सेवेत पद देऊ करण्यात आले. ते त्यांनी नाकारले आणि राजकोट संस्थानच्या स्त्री-रुग्णालयातील काम पत्करले. निवृत्त होईपर्यंत त्या तेथेच होत्या. अखिल भारतीय सेवेतील पद मोठे की संस्थानातले रुग्णालय, याचा निर्णय दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने करावयाचा नव्हता. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही वडील मंडळी पगाराचे आकडे मांडत होती. त्याला विजेच्या कामात हात बसवावयाचा होता.

आतापर्यंत सांगितले ते, पहिल्या ठिकाणी होकार गेलेला नसताना. होकार देऊन झाल्यावर अधिक चांगली नोकरी मिळाली, तर मामला निराळा होतो, आणि हेच पत्र तेथे चालत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या चौथ्या व पाचव्या कलमांत याचा उलगडा आहे. होकाराचे पत्र टपालात पडले, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र ते पत्र समोरच्याला कळेपर्यंत आपला होकार मागे घेऊ शकतो. टपालाच्या दिवसांत पत्र तीन दिवस वाटेत असे आणि तार त्याच्या आधी पोहोचे, म्हणून या तरतुदीला अर्थ होता. ईमेलने गेलेला होकार क्षणात पोहोचतो. ती सवड आता जवळजवळ उरलेली नाही.

होकार पोहोचला की करार झाला. त्यानंतर जे लिहावयाचे ते केवळ नकाराचे पत्र नव्हे. दिलेला शब्द मोडत असल्याचे ते कळविणे आहे, आणि ते त्याच शब्दांत कबूल केले पाहिजे. प्रथम नेमणूकपत्रातील सूचनेच्या मुदतीचे कलम आणि कोणत्या रकमेचे बंधपत्र लिहून दिले असल्यास ते वाचावे. इच्छेविरुद्ध कामावर येण्याची सक्ती न्यायालय करीत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली व्यक्तिगत सेवेचे करार अशा रीतीने अंमलात आणले जात नाहीत. नुकसानभरपाई मात्र मागता येते, आणि बंधपत्रात रक्कम लिहिली असेल, तर तिच्या मर्यादेत वाजवी असेल तेवढी. बहुतेक कारखाने एवढ्या खटाटोपात पडत नाहीत. पण अशा पत्रात पुढील संधीची विनंती करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शब्द मोडताना त्याच पत्रात दाराकडे बोट दाखविणे वाचणाऱ्याला झोंबते. दिलगिरी, तारीख, घेतलेली कागदपत्रे वा वस्तू परत, झालेला खर्च भरून देण्याची तयारी, एवढेच लिहावे.

सरकारी नेमणुकीत तर दार सौजन्याने उघडे राहतच नाही. तेथे नेमणुकीच्या प्रस्तावाला मुदत असते. ती संपली की प्रस्ताव रद्द होतो आणि परत यावयाचे, तर पुन्हा जाहिरात, पुन्हा परीक्षा. म्हणून आमच्या घरांतून "सरकारीही धरून ठेव आणि खाजगीतही जा" असा जो सल्ला दिला जातो, तो निष्फळ आहे. मुदतवाढ मिळण्याजोगी असेल, तर ती खऱ्या कारणासाठी मागावी. नाही तर नकार लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. अधिकाऱ्याच्या स्नेहाचा येथे उपयोग नाही, प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला मात्र पोचेच्या तारखेपासून लाभ होतो.

मसाटहून दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. अधिकाऱ्याने शुभेच्छा दिल्या होत्या आणि विद्युत विभागासाठी नाव टिपून ठेवल्याचे लिहिले होते. त्या उत्तरासह सर्व पत्रव्यवहार मुलाने जपून ठेवावा, असे आम्ही सांगितले. पुढे अर्ज केलाच, तर १० जूनच्या पत्राचा उल्लेख पहिल्या ओळीत करता येईल. अधिकाऱ्याचे पूर्ण नावही त्याने वहीत लिहून घेतले आहे, कारण सिल्वासात माणसे एकाच कारखान्यात राहत नाहीत, आणि तीन-चार वर्षांनी हेच गृहस्थ खडोलीत किंवा वापीतच एखाद्या टेबलामागे बसलेले भेटतील.